रीडेव्हलपमेंटमध्ये ताबा सात महिने पुढे गेला, हे सभासदांना आणि ग्राहकांना कसं कळवायचं?

प्रश्न : मुंबईत एका सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटवर मी बिल्डरकडून प्रोजेक्ट मॅनेजर आहे. १५ मजली इमारत आहे. ४८ जुने सभासद भाड्याने बाहेर राहतायत, शिवाय ३१ नवीन ग्राहक आहेत. ताबा ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरला होता. नकाशात बदल केल्यामुळे पुढची सीसी, म्हणजे पुढच्या बांधकामाची परवानगी, अडकली आणि नवव्या स्लॅबनंतर काम चार महिने बंद होतं. आता सीसी आली, दोन स्लॅबही पडले, पण माझ्या हिशेबाने मे २०२७ च्या आधी ताबा शक्य नाही. साहेब म्हणतात, "थोडा उशीर होईल एवढंच लिहा." पत्रात काय लिहू आणि कुणाला आधी सांगू?

उत्तर :

मी सोसायट्यांच्या बाजूने पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणून काम करतो, त्यामुळे अशी पत्रं माझ्याकडे वाचायला येतात आणि पुढचा गोंधळही माझ्याच टेबलावर येतो. "थोडा उशीर" असं लिहू नका. तुमच्या ४८ सभासदांपैकी प्रत्येकाला येत्या काही महिन्यांत तारीख घातलेल्या कशावर तरी सही करायची आहे. कुणाचा लिव्ह अँड लायसन्स संपतोय, कुणी मुलाची शाळा नव्या घराजवळ बघतंय, कुणाच्या घरी लग्न आहे. तारखेशिवाय पत्र गेलं तर ते सगळे तुम्हाला, साइटवरच्या सुपरवायझरला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करतील, आणि तिघांकडून तीन तारखा ऐकतील. मग खरी तारीख सांगितलीत तरी कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता तारखेबद्दल. सीसी आल्यावर लगेच पत्र काढलं नाहीत, आधी दोन स्लॅब टाकून पाहिले, हे योग्य झालं. काम इतके दिवस बंद राहिलं की सेंटरिंगवाले आणि फिटर दुसऱ्या साइटवर निघून जातात. ते परत येऊन गाडी रुळावर यायला दोन-तीन आठवडे जातात, आणि पूर्वीचा वेग परत मिळेलच असं नाही. तो वेग दोन स्लॅब पडल्यावरच कळतो. तुमच्या बाबतीत मी असं धरतो : १५ ऑक्टोबर २०२५ ला सीसी, माणसं गोळा व्हायला तीन आठवडे, नंतर दर स्लॅबला २२ दिवस. म्हणजे दोन स्लॅब साधारण १९ डिसेंबरपर्यंत पडले. उरलेले चार मार्चच्या मध्यापर्यंत पडतील आणि गच्चीवरची टाकी व लिफ्टची खोली धरून सांगाडा मार्चअखेर पूर्ण होईल. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, ते घाला.

इथवर उशीर चारच महिन्यांचा आहे, कारण जुन्या वेळापत्रकात सांगाडा नोव्हेंबर २०२५ अखेर संपत होता. मग ताबा सात महिने का लांबतो? हा प्रश्न सभेत सगळ्यात आधी येणार. उत्तर पत्रात नसेल तर लोक धरून चालतील की उरलेले तीन महिने बिल्डरने स्वतःच्या सोयीसाठी घुसवलेत. खरं उत्तर पावसाळा हे आहे. बाहेरचं प्लास्टर वरून खाली येतं, म्हणजे शेवटचा स्लॅब आणि वरच्या मजल्यांची वीटकामं झाल्याशिवाय ते नीट सुरू होत नाही. जुन्या वेळापत्रकात ते डिसेंबर ते एप्रिल चालणार होतं, मे महिन्यात रंग होणार होता आणि पावसाळ्यात आतली कामं, लिफ्ट आणि परवानग्या उरकणार होत्या. आता प्लास्टर एप्रिलच्या मध्यात सुरू होईल, जूनच्या सुरुवातीला पाऊस लागेपर्यंत वरचे पाचेक मजले होतील आणि सप्टेंबरअखेरपर्यंत परांचीवर काम थांबेल. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू होऊन जानेवारी २०२७ पर्यंत ते संपेल. प्लास्टर वाळल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग, त्याच काळात लिफ्टचं लायसन्स आणि अग्निशमन दलाची एनओसी, एप्रिलमध्ये ओसीचा, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राचा, अर्ज आणि मे अखेर चावी. चार महिन्यांच्या बंदीमुळे तुम्ही एक अख्खा कोरडा हंगाम गमावलात, हे साध्या मराठीत सांगितलं की गच्चीतून मुंबईचा पाऊस बघितलेल्या प्रत्येकाला ते पटतं.

साहेबांचा दुसरा आग्रह बहुधा असा असेल की मे ऐवजी फेब्रुवारी लिहू, तेवढाच रोष कमी होईल. तसं करू नका. पहिला उशीर लोक चिडून का होईना, पचवतात. दुसऱ्या वेळी ते वकील शोधतात. फेब्रुवारीची तारीख तुमच्याच वेळापत्रकात बसत नसेल तर ती लिहिणं म्हणजे ४८ कुटुंबांना खोट्या तारखेवर घरभाड्याचे करार करायला लावणं आहे. उलट ओसीसाठी दोन महिने धरलेत ते पुरतील का, हे आर्किटेक्टला बसवून विचारा. त्यांनी तीन म्हटलं तर पत्रात जूनअखेर लिहा. मी पुढे ३१ मे २०२७ धरून चालतो.

कारण लिहिताना "अपरिहार्य कारणास्तव" आणि "तांत्रिक अडचणींमुळे" हे दोन शब्दप्रयोग पूर्ण टाळा. सगळं खापर महापालिकेवरही फोडू नका. सोसायटीत एखादा तरी निवृत्त इंजिनीअर असतोच, आणि नकाशे कधी दाखल झाले हे त्याला कळायला वेळ लागत नाही. बदल कुणी केला, सुधारित नकाशे कधी दाखल केले, मंजुरी कधी आली, एवढं तारखांसह लिहा आणि त्यातला आपला वाटा स्पष्ट सांगा. तुमच्या बाबतीत नकाशे उशिरा दाखल झाले असतील तर ते वाक्य पत्रात हवं. सोबत सीसीची प्रत जोडा.

पण नकाशात बदल झाला असं वाचल्यावर सभासदाच्या मनात उशिराच्याही आधी दुसरा प्रश्न येतो : माझ्या घराचं काय बदललं? कार्पेट एरिया, मजला, दिशा, पार्किंग. यातलं काही बदललं नसेल तर तसं लिहा. बदललं असेल तर ते या पत्रात गुंडाळू नका, त्याची वेगळी बैठक घ्या. नव्या ग्राहकांच्या बाबतीत तर मंजूर नकाशे बदलायला रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. ती घेतली नसेल तर पत्र पाठवण्याआधी वकिलाकडे जा, कारण त्या पत्रात तुम्ही स्वतःच बदलाची कबुली लेखी देणार आहात.

सभासदाला खरं महत्त्व आहे ते भाड्याचं. "भाडे कराराप्रमाणे चालू राहील" हे वाक्य बहुतेक पत्रांत असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. वाढ मिळणार का, चेक कधी मिळणार, चावी मिळाल्यावर घर लावायला वेळ लागतो त्या महिन्याचं भाडं मिळणार का, पुन्हा घर बदलावं लागलं तर दलाली कोण देणार, हे चारही प्रश्न तसेच राहतात. उदाहरण घेऊ. एका सभासदाला आत्ता दरमहा ४०,००० रुपये भाडं मिळतं, करारात दर १ एप्रिलला १० टक्के वाढ आहे. म्हणजे एप्रिल २०२६ पासून ४४,००० आणि एप्रिल २०२७ पासून ४८,४००. उशिराच्या सात महिन्यांत नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने ४४,००० प्रमाणे २,२०,००० रुपये, आणि एप्रिल-मे ४८,४०० प्रमाणे ९६,८०० रुपये. एकूण ३,१६,८००. हा आकडा प्रत्येक सभासदाच्या पत्रात त्याच्या स्वतःच्या भाड्याप्रमाणे टाका. ४८ पत्रं वेगवेगळी काढायला एक्सेल आणि एक दुपार पुरते. या सात महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक पत्रासोबतच देता आले तर त्याहून चांगलं काही नाही. साहेबांना पैशाची तजवीज करायला वेळ हवा असेल तर चेक कोणत्या तारखेला देणार ती तारीख लिहा, आणि ती पाळा.

आता तारीख लवकर आणि नेमकी कळल्याने काय फरक पडतो ते बघा. समजा एका सभासदाचा घरभाडे करार २८ फेब्रुवारी २०२६ ला संपतोय. जुनी तारीख गृहीत धरून त्याने नेहमीप्रमाणे ११ महिन्यांचा नवा करार केला, तर तो ३१ जानेवारी २०२७ ला संपेल. मग उरलेल्या चार महिन्यांसाठी त्याला कुणी घर देत नाही. दिलं तर डिपॉझिट, दलाली, टेम्पो, सगळं पुन्हा. तुमचं पत्र डिसेंबरमध्येच हातात पडलं तर तो घरमालकाशी १६ महिन्यांचा, ३० जून २०२७ पर्यंतचा करार बोलू शकतो, एक महिना सामान लावायला धरून. करार ११ महिन्यांचाच असला पाहिजे असं काही नाही, आणि महाराष्ट्रात तो कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. म्हणून पत्र काढण्याआधी कमिटीकडून एक यादी मागवा : कुणाचा करार कधी संपतो. ज्यांचे करार दोन महिन्यांत संपतात त्यांना पत्र मिळाल्याच्या दिवशी फोन करा. एकटे राहणारे वयस्कर सभासद असतील तर त्यांना भेटायला जा, कारण सत्तरीतल्या माणसाला पुन्हा घर बदलायला सांगणं हे पत्रातून सांगण्यासारखं नाही. मुलं परदेशात आणि फ्लॅट त्यांच्या नावावर असेल तर पत्र त्यांच्या ईमेलवरही पाठवा, नुसतं इथल्या मुखत्यारपत्रधारकाला देऊन भागवू नका.

नव्या ग्राहकांचं पत्र वेगळं लिहा. सभासदांचं पत्र नाव बदलून त्यांना पाठवणं ही नेहमीची चूक आहे. त्यांना भाडं मिळत नाही, त्यांचा संबंध नोंदवलेल्या विक्री कराराशी आणि महारेराशी आहे. महारेराच्या नोंदणीची मुदत वाढवून घ्यावी लागत असेल तर कलम ६ खाली अर्ज करावा लागतो. युद्ध, पूर, भूकंप अशा आपत्ती सोडल्या तर त्या कलमाखाली एकूण एक वर्षापर्यंतच मुदत मिळू शकते, आणि तुमचं कारण आपत्तीत बसत नाही. पण मुदत वाढली म्हणून ग्राहकाच्या करारातली तारीख आपोआप बदलत नाही. कलम १८ प्रमाणे त्याला पैसे व्याजासह परत घेऊन बाहेर पडता येतं, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं. महाराष्ट्राच्या नियमांत हा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा पायाभूत दर, अधिक २ टक्के असा आहे. मी म्हणेन, हा हक्क पत्रात एका ओळीत लिहा. साहेब घाबरतील. पण ग्राहकाला तो चुलतभावाकडून कळतोच, आणि मग तुम्ही तो लपवला असा अर्थ निघतो. व्याज हप्त्यात वळतं करणार की ताब्याच्या वेळी देणार, हे ठरवून मगच पत्र काढा. "नवीन तारीख मला मान्य आहे" अशी सहीची पट्टी पत्राच्या तळाशी चिकटवू नका. संमती हवी असेल तर ती उघडपणे, वेगळ्या कागदावर मागा.

ग्राहकांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास सुटते. ऑक्टोबर २०२६ वरून मे २०२७ वर जाताना ३१ मार्च ओलांडला जातो. जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाची वजावट घर पूर्ण झालेल्या आर्थिक वर्षापासून मिळते, त्यामुळे ती २०२६-२७ ऐवजी २०२७-२८ पासून सुरू होईल. ज्यांनी जुनं घर विकून त्या नफ्यावरचा कर वाचवण्यासाठी हे घर घेतलं असेल, त्यांच्यासाठी बांधकामाची तीन वर्षांची मुदत असते. एप्रिल २०२४ मध्ये घर विकलेल्याची ती एप्रिल २०२७ मध्ये संपते, तुमच्या नव्या तारखेच्या आधी. तुम्ही सल्ला देऊ नका, फक्त "आपल्या सीएंना ही नवी तारीख दाखवा" एवढं लिहा. तेवढ्याने त्या माणसाला वेळेत प्रश्न विचारता येतो.

कुणाला आधी सांगायचं याचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा सोसायटीचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि त्यांचा पीएमसी, समोरासमोर, वेळापत्रकाचा बार चार्ट टेबलावर ठेवून. पीएमसीला ते तपासायला एक-दोन दिवस द्या. त्याने तारीख तपासली आहे हे वाक्य पत्रात टाकता आलं तर निम्मे प्रश्न तिथेच संपतात. त्यानंतर मात्र वेळ घालवायचा नाही. कमिटीतल्या कुणाच्या तरी घरी ते बोललं जाणारच, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ते "अजून वर्षभर नाही" अशा रूपात पोचतं. विशेष सर्वसाधारण सभेला उपविधींप्रमाणे पूर्ण पाच दिवसांची नोटीस लागते. पुष्कळ बिल्डर तारीख सभेत जाहीर करायची म्हणून नोटीस कोरी पाठवतात. मग पाच दिवस अफवा पिकतात आणि सभेला माणसं आधीच तापून येतात. पत्र नोटिशीसोबतच द्या. सभा मग प्रश्नोत्तरांसाठी राहते. ग्राहकांची पत्रं त्याच दिवशी संध्याकाळी ईमेलने आणि स्पीड पोस्टने जाऊ द्या. प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकेला त्याच्या आधी कळलेलं असावं, कारण ग्राहकांच्या बँका तिथे चौकशी करतात.

सभासदांचं पत्र मी साधारण असं लिहीन :

दिनांक : २२ डिसेंबर २०२५

विषय : नव्या घराचा ताबा ३१ ऑक्टोबर २०२६ ऐवजी ३१ मे २०२७ पर्यंत

सप्रेम नमस्कार,

आपल्याला नव्या घराची चावी ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणार होती. ती आता ३१ मे २०२७ पर्यंत मिळेल. हा उशीर सात महिन्यांचा आहे आणि त्याचा त्रास आपल्या कुटुंबाला होणार आहे. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

वरच्या मजल्यांच्या मांडणीत आम्ही बदल केला. त्याचे सुधारित नकाशे दाखल करण्यास आमच्याकडून उशीर झाला. ते मंजूर होईपर्यंत नवव्या स्लॅबच्या पुढील बांधकामाची परवानगी (सीसी) मिळाली नाही, त्यामुळे १५ जून ते १५ ऑक्टोबर २०२५ काम बंद होते. सीसी १५ ऑक्टोबरला मिळाली असून तिची प्रत सोबत आहे. आपल्या घराचे क्षेत्रफळ, मजला आणि पार्किंग यांत काहीही बदल झालेला नाही.

काम चार महिने बंद होते, तरी ताबा सात महिने पुढे जात आहे. बाहेरचे प्लास्टर एप्रिल २०२६ मध्ये सुरू होईल आणि पावसाळ्यात ते थांबवावे लागेल. उरलेले प्लास्टर ऑक्टोबरनंतरच करता येईल. सोसायटीच्या पीएमसींनी हे वेळापत्रक तपासले आहे.

भाडे आपल्याला चावी मिळेपर्यंत, करारातील वार्षिक वाढीसह, चालू राहील. नोव्हेंबर २०२६ ते मे २०२७ या काळाचे आपले भाडे एकूण ३,१६,८०० रुपये होते. त्याचे चेक १५ जानेवारी २०२६ रोजी सोसायटीच्या कार्यालयात मिळतील. चावी मिळाल्यानंतर सामान हलवण्यासाठी आणखी एका महिन्याचे भाडे देऊ. या उशिरामुळे आपल्याला भाड्याचे घर बदलावे लागल्यास एका वेळची दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च पावती पाहून देऊ. घरभाडे करार वाढवताना तो ३० जून २०२७ पर्यंतचा करावा, अशी विनंती आहे. घरमालकांना दाखवण्यासाठी हे पत्र वापरता येईल.

पुढील टप्पे असे आहेत. शेवटचा स्लॅब व गच्चीवरील टाकी ३१ मार्च २०२६ पर्यंत. वरच्या पाच मजल्यांचे बाहेरचे प्लास्टर ५ जून २०२६ पर्यंत. संपूर्ण बाहेरचे प्लास्टर ३१ जानेवारी २०२७ पर्यंत. रंग पूर्ण होऊन परांची ३१ मार्च २०२७ पर्यंत उतरेल. ओसीचा अर्ज एप्रिल २०२७ च्या पहिल्या आठवड्यात. दर महिन्याच्या ५ तारखेला कामाची स्थिती फोटोंसह कळवू. यातील कोणताही टप्पा चुकल्यास त्याचा चावीच्या तारखेवर काय परिणाम होतो, तेही त्याच वेळी कळवू.

हे पत्र विकास करारातील आपल्या कोणत्याही हक्काला बाधा आणत नाही.

आपले विश्वासू

पत्राखाली सही भागीदाराची किंवा संचालकाची असू द्या, तुमची नको. तुमचा मोबाइल नंबर आणि फोन घेण्याची वेळ मात्र लिहा. दलाली आणि जादा महिन्याचं भाडं हे मी माझ्या अंदाजाने घातलं आहे. तुमच्या विकास करारात काय आहे ते आधी बघा, आणि करारात नसलं तरी देण्यासाठी साहेबांशी बोला. ४८ घरांपैकी खरोखर घर बदलावं लागणारी थोडीच असतात. तो खर्च एका महिन्याच्या कामबंदीपेक्षा कितीतरी कमी असतो.

टप्पे निवडताना मी मुद्दाम रस्त्यावरून दिसणारे निवडले आहेत. "६८ टक्के काम पूर्ण" हे सभासदाला तपासता येत नाही. गच्चीवर टाकी दिसते की नाही आणि परांची उतरली की नाही, हे येता-जाता कुणालाही दिसतं. तुमच्यासाठीही ते बरं आहे. ५ जूनला वरच्या पाचऐवजी दोनच मजल्यांचं प्लास्टर झालं असेल, तर ऑक्टोबरनंतरचे चार महिने पुरणार नाहीत हे त्याच दिवशी कळतं आणि पावसाळ्यात दुसऱ्या टोळीची व्यवस्था करता येते. बाहेरचं अडकलं असताना आतलं प्लास्टर, टाइल्स, प्लंबिंग पुढे जातंच, त्यामुळे नुसता खर्चाचा किंवा टक्क्यांचा तक्ता बघितला तर सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. या इमारतीत चावीची तारीख बाहेरच्या भिंतीवर ठरते.

सभेत तीन प्रश्न येतील. पहिला, "पैसे संपलेत का?" काम बंद पडलं की हा संशय येणारच. सीसीची प्रत दाखवा, स्टील आणि सिमेंटची पुढची ऑर्डर गेली असेल तर ती दाखवा, आणि भाड्याचे चेक कोणत्या तारखेला मिळणार ते पुन्हा सांगा. दुसरा, "करारात मुदतीनंतर दंड आहे, तो देणार का?" विकास करारातलं कलम सोबत न्या आणि ते वाचून दाखवा. दंड लागू असेल तर हो म्हणा. घासाघीस करायचीच असेल तर ती कमिटीशी बसून करा, भरसभेत नको. तिसरा, "नवी तारीख लिहून द्या." पत्र हे लिहूनच दिलेलं आहे, पण पत्राने विकास करारातली मुदत बदलत नाही. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आणि पुरवणी करार लागतो, आणि सोसायटी त्या बदल्यात काही अटी घालेल. बँक गॅरंटीची मुदत नव्या तारखेपर्यंत वाढवा, ही अट तर मी स्वतः प्रत्येक वेळी घालायला सांगतो. ती मागणी येईल असं धरूनच साहेबांना सभेला आणा.

एखाद्या प्रश्नाचं उत्तर जागेवर माहीत नसेल तर "बघून सांगतो" यापुढे तारीख लावा, "शुक्रवारी कमिटीला लेखी देतो" अशी. आणि सभेचं इतिवृत्त सोसायटी लिहीत असली तरी तुम्ही दिलेली प्रत्येक तारीख स्वतःकडेही लिहून घ्या.

पत्र गेलं की त्याच दिवशी जुनी तारीख जिथे जिथे आहे तिथून काढा : साइटच्या गेटवरचा फलक, सेल्स ऑफिसमधलं माहितीपत्रक, वेबसाइट, विक्रीच्या मुलांच्या फोनमधला तयार मेसेज. महारेराच्या पोर्टलवरचा पुढचा तिमाही अहवाल पत्राशी जुळला पाहिजे, कारण ग्राहक तिथेच पडताळून बघतात. लिफ्टच्या कंपनीला आणि रंगाच्या ठेकेदाराला नवी तारीख लेखी कळवा. लिफ्टची ऑर्डर जुन्या तारखेप्रमाणे आली तर माल साइटवर पावसात पडून राहतो, आणि पुढे ढकलताना सांगायचं राहिलं तर ऐन फेब्रुवारीत लिफ्ट बसवणारी टोळी दुसऱ्या इमारतीवर असते. लिफ्टचं लायसन्स नाही तर ओसीचा अर्ज अडतो, म्हणून या यादीत मी पहिला फोन लिफ्टवाल्यांना करतो.